दर आठवड्याला ३ पीएसआय हवा कमी होते, पण पंक्चर सापडत नाही

संथधार

नमस्कार. माझ्या मोटारीच्या डाव्या मागच्या चाकातील हवा गेल्या दोन महिन्यांपासून हळूहळू कमी होते आहे. टायर ट्यूबलेस आहे आणि त्याला तीन वर्षे झाली आहेत. रिम अलॉयची असून गाडीसोबत आलेलीच, म्हणजे आठ वर्षांची आहे. दर रविवारी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, मी चारही चाकांत ३३ पीएसआय हवा भरते आणि पुढच्या रविवारी त्याच गेजने पुन्हा मोजते. तीन चाकांत ३२.५ किंवा त्याहून किंचित जास्त आकडा मिळतो आणि या एका चाकात मात्र ३०. असे सलग आठ आठवडे झाले.

दोन वेगवेगळ्या टायरवाल्यांना चाक दाखवले. दोघांनीही ते काढून पाण्याच्या टाकीत फिरवले आणि दोघांनाही बुडबुडा दिसला नाही. एकाने पंक्चर नाही असे सांगून चाक परत बसवले, दुसऱ्याने टायरच बदलण्याचा सल्ला दिला. टायरची नक्षी अजून चांगली खोल आहे आणि बाजूच्या भिंतीवर कुठेही चीर नाही, त्यामुळे केवळ अंदाजाने टायर बदलणे मला पटत नाही. हवा नेमकी कुठून जाते हे शोधण्याची एखादी क्रमवार रीत कुणी सांगू शकेल का?

उत्तरायण

रबरातून हवा नेहमीच थोडी थोडी झिरपत असते आणि थंडी पडली की दाब आणखी कमी दिसतो. ऋतू बदलत असताना गेजवर दोन-तीन पीएसआयचा फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे. माझ्या मते यात दोष काहीच नसावा. नायट्रोजन भरून घ्या. त्याचे झिरपणे कमी असते आणि दर आठवड्याला हवा भरण्याचा प्रश्नही मिटेल. मी स्वतः गेली चार वर्षे नायट्रोजनच वापरतो.

जुना पाना

उत्तरायण यांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या या चाकाला लागू होत नाहीत. तापमान १० अंशांनी उतरले तर ३३ पीएसआय असलेल्या टायरमधला दाब सुमारे दीड पीएसआयने कमी दिसतो, हे बरोबर. मात्र थंडी चारही चाकांना सारखीच लागते. प्रश्नकर्तीने तीन चाकांचे आकडे सोबत दिले आहेत आणि तेच या धाग्यातले सर्वांत उपयोगी मोजमाप आहे, कारण ती तीन चाके इथे तुलनेसाठी उभी आहेत. रबरातून झिरपणे आणि हवामान या दोहोंचा मिळून वाटा आठवड्याला फार तर अर्धा पीएसआय निघतो. उरलेले अडीच पीएसआय कुठल्या तरी फटीतून जात आहेत.

नायट्रोजन रबरातून ऑक्सिजनपेक्षा सावकाश झिरपतो, हेही खरे. पण आपण साधी हवा भरतो तिच्यातही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि फट असेल तर तिच्यातून दोन्ही वायू जवळपास सारख्याच वेगाने बाहेर पडतात. त्यामुळे नायट्रोजन भरून या चाकाची गळती थांबणार नाही.

मी बरीच वर्षे टायर बसवण्याचे काम केले आहे. टाकीत काही दिसले नाही म्हणजे गळती नाही, असा निष्कर्ष इतक्या मंद गळतीच्या बाबतीत काढता येत नाही. शोधण्याचा क्रम सविस्तर लिहितो, पण त्याआधी एक गोष्ट सांगा: व्हॉल्व्ह रबराचा आहे की धातूचा, आणि टायर बदलला तेव्हा व्हॉल्व्हही बदलला होता का?

मोजमाप

गळती किती मंद आहे हे आकड्यांत पाहिले तर टाकीत ती का दिसली नाही हे कळेल, म्हणून एक ढोबळ हिशेब मांडतो. मध्यम आकाराच्या मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा असते असे धरू. ३ पीएसआय म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे पाचवा भाग. म्हणजे आठवड्याला बाहेर गेलेली हवा ३० लिटरचा पाचवा भाग, सुमारे ६ लिटर. आठवड्यात १०,०८० मिनिटे असतात. भागाकार केला तर मिनिटाला ०.६ घनसेंटिमीटर हवा जाते.

३ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यात सुमारे ०.०१४ घनसेंटिमीटर हवा मावते. सगळी गळती एकाच छिद्रातून असेल तर मिनिटाला चाळीसएक बुडबुडे, म्हणजे दर दीड सेकंदाला एक बुडबुडा दिसायला हवा. लक्ष देऊन पाहणाऱ्याला तो सहज दिसेल. दोघांना दिसला नाही, यावरून माझा तर्क असा की एक तर गळती लांबवर पसरलेली आहे आणि बुडबुडे फार बारीक आहेत, किंवा चाक पाण्यात पुरेसा वेळ स्थिर ठेवलेच नव्हते.

दुचाकी

माझ्या मोटारसायकलच्या मागच्या चाकालाही हाच त्रास होता. ट्यूब काढून पाहिली तेव्हा आऱ्याचे एक टोक रिमच्या आत वर आले होते आणि ट्यूबला टोचत होते. रिमवरची रबरी पट्टी बदलली आणि त्रास थांबला. आपणही ट्यूब काढून तिच्या आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडच्या बाजूला, बारीक छिद्र आहे का ते पाहावे.

जुना पाना

दुचाकी, आपला अनुभव आऱ्यांच्या चाकासाठी अगदी योग्य आहे, पण इथे ट्यूबच नाही. ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवण्याचे काम टायर, रिम आणि व्हॉल्व्ह हे तिघे मिळून करतात, त्यामुळे रिमवरचा दोषही गळती निर्माण करू शकतो. मोजमाप यांचा हिशेब मला फार आवडला. आम्ही ही गोष्ट केवळ सवयीने ओळखत होतो.

संथधार

व्हॉल्व्ह काळ्या रबराचा आहे. टायर बदलताना तो बदलला होता की नाही हे मला आठवत नाही आणि पावतीवर तसा उल्लेख नाही. टाकीबद्दल सांगायचे तर पहिल्या ठिकाणी चाक उभे धरून एक-दोन वेढे फिरवले होते. सगळे मिळून अर्ध्या मिनिटात उरकले. दुसऱ्या ठिकाणी थोडा जास्त वेळ पाहिले, पण तेही चाक फिरवतच.

जुना पाना

मग शोध अजून झालेलाच नाही असे समजा. कोरडा टायर पाण्यात बुडवला की नक्षीच्या खाचांत आणि रिमच्या कडेला अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघत राहते. ती निघून जाईपर्यंत खरी गळती ओळखता येत नाही, आणि चाक फिरत असताना तर मुळीच नाही.

सुरुवात व्हॉल्व्हपासून करा, कारण त्यासाठी चाक काढावे लागत नाही. भांडी घासण्याचा द्रव साबण थोड्या पाण्यात हलक्या हाताने मिसळा. फेस होऊ देऊ नका, कारण आधीचाच फेस असेल तर नवा बुडबुडा त्यात हरवतो. टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटाने साबणाचा पातळ पडदा धरा आणि दोन-तीन मिनिटे पाहत राहा. आतली पिन गळत असेल तर तो पडदा घुमटासारखा हळूहळू फुगतो. फुगलाच तर लगेच पिन बदलू नका. आधी पिनच्या पान्याने ती घट्ट आहे का ते बघा, कारण पुष्कळदा ती केवळ सैल झालेली असते. मात्र जोर लावायचा नाही. दोन बोटांनी पिळल्यावर जेवढा येतो तेवढाच. त्यापेक्षा जास्त पिळल्यास पिनवरचे बारीक रबर कापले जाते आणि गळती वाढते.

त्यानंतर व्हॉल्व्ह जिथे रिममधून बाहेर येतो तिथे साबणपाणी सोडा आणि व्हॉल्व्हचा देठ बोटाने एकेका दिशेला वाकवा. सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर उघडते आणि तिथे फेस येतो. रबरी व्हॉल्व्ह आठ वर्षांचा असेल तर मी तो चाचणीत निर्दोष ठरला तरीही बदलेन.

एक विनंती आहे. जे सापडेल तेवढेच दुरुस्त करून एक आठवडा थांबा आणि पुन्हा मोजा. एकाच चाकात दोन गळत्या असणे दुर्मीळ नाही, आणि सगळे एकदम बदलले तर कशामुळे काय थांबले हे कधीच समजत नाही.

रिकामा रस्ता

व्हॉल्व्हचा देठ वाकवून पाहण्याबद्दल जे लिहिले आहे त्याला माझ्या गाडीचा दाखला जोडतो. पुढच्या उजव्या चाकात आठवड्याला चार-पाच पीएसआय कमी होत असत, पण मी दहा दिवस परगावी गेलो आणि गाडी उभीच राहिली, तेव्हा आल्यावर दाब जवळपास होता तितकाच निघाला. म्हणजे हवा फक्त गाडी चालताना जात होती. टाकीत, साबणपाण्यात, कशातच काही दिसेना. शेवटी एका कारागिराने देठ बाहेरच्या दिशेला वाकवला आणि मुळाशी अर्धवर्तुळाकार चीर उघडली. चाक वेगाने फिरते तेव्हा देठ बाहेरच्या दिशेला ओढला जातो आणि चीर उघडते, चाक थांबले की ती मिटते, असे त्याने समजावून सांगितले.

म्हणून संथधार यांनी आपली गाडी उभी असताना आणि चालताना गळतीत काही फरक पडतो का, हेही पाहावे.

संथधार

आज सकाळी व्हॉल्व्ह तपासला. तोंडावरचा साबणाचा पडदा साधारण मिनिटभरात मुगाच्या दाण्याएवढा फुगला आणि फुटला. पुन्हा धरला, पुन्हा फुगला. चार वेळा तसेच झाले. बाकीच्या तीन चाकांवर हीच चाचणी केली, तिथे पडदा सपाटच राहिला. पिन घट्टच होती. ती काढून पाहिल्यावर तिच्या टोकाच्या रबरावर हिरवट थर आणि एक बारीक खाच दिसली. नवी पिन बसवली. आता पडदा फुगत नाही. देठ चारही दिशांना वाकवून पाहिला, मुळाशी फेस आला नाही. टोपीतले रबरही नव्हते, तीही बदलली. गाडी उभी ठेवून मोजणे या आठवड्यात मला शक्य नाही, कारण रोज कामावर जाताना ती लागते.

३३ पीएसआय भरून ठेवले आहे. पुढच्या रविवारी कळवते.

उत्तरायण

सापडले म्हणायचे! मी नायट्रोजनचा आग्रह मागे घेतो. पण एक विचारतो: गाडीत टायरचा दाब दाखवणारा इशारा-दिवा असेल तर तो लागला नव्हता का? माझ्या गाडीत तो कधीच लागलेला नाही, म्हणून मी गेज वापरतच नाही.

जुना पाना

तो दिवा मंद गळतीसाठी नसतो. बहुतेक गाड्यांत ठरलेल्या दाबापेक्षा सुमारे चतुर्थांश हवा कमी झाल्याशिवाय तो लागत नाही, म्हणजे ३३ चे २५ च्या आसपास होईपर्यंत. दर रविवारी हवा भरणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. गेज ठेवा.

आणि सापडले असे म्हणण्यासाठी एक आठवडा थांबू या. मुगाएवढा बुडबुडा मिनिटाला एक, ही गळती मोजमाप यांच्या ०.६ घनसेंटिमीटरच्या मानाने मला कमी वाटते.

मोजमाप

मुगाचा दाणा साधारण ४ मिलिमीटरचा धरला तर पूर्ण गोल बुडबुड्यात ०.०३ घनसेंटिमीटरच्या आसपास हवा मावते. मिनिटाला एवढीच हवा जात असेल तर आठवड्याला पाव पीएसआयसुद्धा भरत नाही. अर्थात फुगण्याआधी पडद्याच्या कडेने किती हवा निसटली हे सांगता येत नाही, आणि गाडी चालताना टायर तापतो तेव्हा दाबही जास्त असतो. तरीही जुना पाना यांची शंका रास्त आहे.

संथधार

रविवारचा आकडा: डावे मागचे ३१, बाकीची तिन्ही ३२.५. म्हणजे ३ ऐवजी २ पीएसआय गेले. पिन गळत होती हे खरे, पण मोठी गळती अजून आहेच. आता पुढे काय करावे?

जुना पाना

आता चाक काढावे लागेल. ते जमिनीवर आडवे ठेवा, आधी बाहेरची बाजू वर करून. चाक आडवे असले की टायरची बीड आणि रिमचा ओठ यांच्यामध्ये गोल पन्हळ तयार होते. तीत साबणपाणी ओता, ते तिथेच साचून राहते. मग १५ मिनिटे तिथे बसून राहा. हीच वाट पाहणे टाकीच्या चाचणीत झालेले नव्हते. बीडमधली गळती मोठे बुडबुडे देत नाही. दुधाच्या कडेला येतो तसा पांढरा, अगदी बारीक फेस एखाद्या वीतभर भागात हळूहळू जमा होतो आणि पुसला तरी तिथेच पुन्हा येतो. नंतर चाक उलटवून आतली बाजू वर घ्या आणि तेच करा. आतल्या बाजूची तपासणी घाईने करू नका. ती बाजू ब्रेककडे असते, चिखल-पाणी तिथे साचते, गाडीवर असताना ती दिसत नाही आणि धुतलीही जात नाही, म्हणून गंज बहुतेक वेळा तिथून सुरू होतो.

चाचणीपुरती हवा ४० पीएसआयपर्यंत वाढवली तर फेस लवकर दिसेल. टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल दाबापलीकडे मात्र जाऊ नका आणि गाडीला चाक लावण्यापूर्वी दाब पुन्हा ३३ वर आणा. एवढे करूनही काही दिसले नाही तर निराश होऊ नका. चाकावर गाडीचा भार असताना बीड थोडी हलते आणि तेव्हाच गळते, असेही असू शकते.

फेस आला तर त्या जागेच्या दोन्ही टोकांना टायरवर आणि रिमवर, समोरासमोर, खडूच्या खुणा करा. या खुणा पुढे फार उपयोगी पडतील. रिमचा आतला गोल भागही ओला करून पाहा. तिथे रेषेत बुडबुडे आले तर ती रिमची तडा गेलेली जागा असू शकते. तडा असेल तर मी कोणत्याही लेपावर विसंबणार नाही, रिमच बदलावी.

काम झाल्यावर सगळीकडचे साबणपाणी स्वच्छ पाण्याने धुवून टाका. भांड्यांच्या साबणात क्षार असतात आणि गंजाला त्यांची मदतच होते.

हिरवी वाट

इतका खटाटोप करण्याऐवजी टायरमध्ये सीलंटचा द्रव का भरत नाही? व्हॉल्व्हमधून बाटली रिकामी केली की पाच मिनिटांचे काम. माझ्या स्कूटरला भरला आहे, दोन खिळे लागले तरी हवा गेली नाही.

जुना पाना

नक्षीतल्या खिळ्याच्या छिद्रासाठी तो द्रव चांगले काम करतो, कारण चाक फिरते तेव्हा तो नक्षीच्या आतल्या बाजूला पसरतो. पण बीड नक्षीपेक्षा रिमच्या मध्याजवळ असते आणि फिरताना द्रव नेमका तिथून दूर फेकला जातो. चाक आडवे ठेवून हलवले तर काही काळ गळती थांबतेही, पण गंज वाढतच राहतो आणि ओलावा आत मिळाल्यामुळे कदाचित लवकर वाढतो. शिवाय नंतर टायर उघडणाऱ्याला आधी तो सगळा चिकट लगदा काढावा लागतो. स्कूटरचा आपला अनुभव मी खोटा म्हणत नाही, फक्त दोष वेगळा आहे.

संथधार

सापडले. बाहेरच्या बाजूला पंधरा मिनिटांत काहीच आले नाही. चाक उलटवून आतल्या बाजूला पाणी ओतले; पहिली सहा-सात मिनिटे तिथेही काही नव्हते आणि मी जवळजवळ उठणारच होते. मग व्हॉल्व्हपासून थोड्या अंतरावर, साधारण वीतभर लांबीत, साखरेच्या पाकावर येतो तसा पांढरा बारीक फेस दिसू लागला. तीन वेळा पुसला, तीनही वेळा त्याच जागी परत आला. एकही सुटा बुडबुडा नाही. मोजमाप यांचा पसरलेल्या गळतीचा तर्क बरोबर ठरला. त्या भागातल्या रिमच्या ओठावर चाक तोलण्यासाठी लावलेल्या जुन्या क्लिपच्या वजनाची खूणही आहे. खडूच्या खुणा केल्या आहेत.

आता एक शंका. बीड म्हणजे टायरची तार असलेली जाड कडच ना? मग दोष टायरच्या कडेत आहे की रिममध्ये, हे कसे ठरवायचे? दुसऱ्या टायरवाल्याच्या सल्ल्याने टायर बदलला असता आणि दोष रिमचा निघाला असता, तर नवा टायरही असाच गळला असता.

जुना पाना

होय, तीच कड. आणि आपली शंका अगदी नेमकी आहे, खुणा त्यासाठीच करायला सांगितल्या. टायर उघडल्यावर रिमवरची खूण असलेली जागा आधी डोळ्यांनी पाहा. रंगाखाली फुगवटा, सोललेला रंग किंवा पांढरी-करडी भुकटी असेल तर दोष रिमचा आहे. अॅल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो, पांढराच असतो. टायरच्या खुणेपाशी कड फाटलेली किंवा टायर लिव्हरने कापलेली आहे का, तेही बघा. डोळ्यांनी निर्णय होत नसेल तर टायर रिमवर अर्धा वेढा फिरवून बसवायला सांगा. फेस रिमच्या खुणेपाशीच राहिला तर रिम, टायरच्या खुणेसोबत पलीकडे गेला तर टायर.

क्लिपच्या वजनाची खूण महत्त्वाची वाटते. क्लिपची धार ओठावरचा रंग कापते, तिथून पाणी रंगाखाली शिरते आणि हळूहळू बीडच्या बैठकीपर्यंत पोचते.

रिकामा रस्ता

क्लिपलाच दोष देणे मला पुरते पटत नाही. माझ्या चारही रिमवर क्लिपची वजने आहेत आणि गंज एकाच रिमला आहे. ती रिम मी काही दिवस आम्ल असलेल्या क्लीनरने धूत होतो. रंग कशाने आधी दुबळा झाला हे नंतर पाहून सांगता येईल असे वाटत नाही.

जुना पाना

हे मान्य. आम्ल असलेल्या क्लीनरने मीही रिम खराब झालेल्या पाहिल्या आहेत. इथे दोन्ही कारणे असू शकतात. आठ वर्षांनंतर त्यातले पहिले कोणते, हे मलाही सांगता येणार नाही.

संथधार

काल टायर उघडून घेतला. मी समोर उभी राहिले आणि खुणा दाखवल्या, त्यामुळे कारागिरानेही मन लावून पाहिले. रिमच्या आतल्या बैठकीवर अगदी खुणेच्या मध्ये रंगाचे चार-पाच फोड होते. नखाने दाबल्यावर ते फुटले आणि आतून मिठासारखी पांढरी भुकटी निघाली. टायरच्या कडेला त्याच जागी तीच भुकटी चिकटलेली होती, पण रबर कुठेही कापलेले नव्हते. टायर आतून हाताने चाचपला, खिळा किंवा तार नाही. व्हॉल्व्ह काढून वाकवला तेव्हा मुळाशी बारीक भेगांचे जाळे दिसले. अजून गळत नव्हता, तरी बदलून घेतला.

कारागीर म्हणाला की तो आता तारेच्या ब्रशने घासेल, काळे बीड सीलर लावेल आणि टायर बसवेल. मी त्याला थोडे थांबायला सांगितले आहे, चाक त्याच्याकडेच आहे. एवढे पुरेसे आहे का?

जुना पाना

सीलर लावण्याला माझा विरोध नाही, पण गंजावर तो लावू नये. आधी सुटा रंग आणि भुकटी पूर्ण काढायची, चकाकता धातू दिसेपर्यंत आणि फोडांच्या पलीकडे बोटभर, कारण धड दिसणाऱ्या रंगाखालीही गंज पसरलेला असतो. अॅल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश मी टाळतो. लोखंडाचे कण धातूत रुततात आणि तिथे गंज पुन्हा धरतो. नायलॉनची खरखरीत घासणी आणि पॉलिश पेपर पुरतो. ग्राइंडर तर नकोच, त्याने बैठकीत खळगे पडतात आणि मग ती जागा कधीच नीट बसत नाही. टायरच्या कडेवरची भुकटीही ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर साफ केलेल्या रिमवर तीच पुन्हा दाबली जाईल.

घासल्यावर अगदी खोल खड्डे दिसले नाहीत तर प्रायमर आणि रंगाचे पातळ हात द्यावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि मग टायर बसवावा. जाड रंग नको, तो बीडच्या दाबाखाली सोलतो. बसवताना टायरसाठीची पेस्ट वापरायला सांगा आणि बीड बसवण्यासाठी ४० पीएसआयच्या पुढे जाऊ देऊ नका. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडून, पेस्ट लावून पुन्हा प्रयत्न करावा.

रिकामा रस्ता

माझ्या रिमवर रंग दिला नव्हता, फक्त घासून सीलर लावला होता. दोन वर्षे झाली, गळती नाही. रंगासाठी चाक एक-दोन दिवस ठेवून घ्यावे लागते, तेवढी सोय सगळ्यांची नसते.

जुना पाना

दोन वर्षे टिकले हे चांगलेच आहे. उघड्या धातूवर सीलर लावून बसवलेली चाके वर्षाच्या आत परत आलेली मी पाहिली आहेत, आणि पुष्कळ वर्षे टिकलेलीही. खड्डे किती खोल होते आणि चाक किती ओलाव्यात चालले, यावर ते अवलंबून असावे. मी रंग देण्याच्या बाजूने आहे, पण सीलरने काम होतच नाही असे मी म्हणणार नाही.

संथधार

मी रंग देण्याचा मार्ग घेतला. गाडीला स्टेपनी लावून चाक दोन दिवस तिथेच ठेवले. कारागिराने घासणीने घासले आणि फोडांच्या पलीकडेही खरोखरच तीन बोटे गंज निघाला. प्रायमर आणि रंगाचा एकेक पातळ हात देऊन वाळवले, टायर पेस्टने बसवला आणि बीड ३५ पीएसआयच्या आसपासच जागेवर बसली. सीलर लावला नाही. बसवल्यावर आतल्या बाजूला पुन्हा वीस मिनिटे पाणी ठेवून पाहिले. एका ठिकाणी, जुन्या जागेपासून दूर, दोन बारीक बुडबुडे आले आणि नंतर काहीच आले नाही. ती अडकलेली हवा असावी असे आम्ही समजलो.

त्यानंतरचे तीन रविवार: ३२.५, ३२.५, ३२.५. बाकीची चाकेही तितकीच.

आता उजवे मागचे चाक काढून आडवे ठेवले आहे. ते अजून गळत नाही, पण त्याच्याही आतल्या ओठावर क्लिपची तशीच खूण आहे आणि शेजारी रंग नखाएवढा फुगलेला दिसतो. गळती सुरू होण्यापूर्वीच टायर उघडून घासून घ्यावे, की गेजचा आकडा उतरेपर्यंत थांबावे, याबद्दल जुना पाना आणि रिकामा रस्ता यांचे मत हवे आहे.

रिकामा रस्ता

मी थांबेन. टायर उघडताना लिव्हर नीट चालवला नाही तर चांगल्या कडेला इजा होऊ शकते, आणि आपण दर रविवारी मोजतच आहात.

जुना पाना

फोड बैठकीवर आहे की फक्त ओठावर, यावर माझे उत्तर अवलंबून आहे. ओठावरच असेल तर टायर न उघडता वजन काढून, तेवढीच जागा घासून रंगवता येईल आणि चाक वजनासाठी पुन्हा तोलून, या वेळी आतून चिकटवण्याची वजने लावून घेता येतील. फोडाची कड टायरच्या रबराखाली जाताना दिसत असेल, तर मी पुढच्या वेळी टायर उघडायचा झाला की पहिले काम तेच करेन. शक्य असेल तर त्या जागेचा फोटो टाका, टायर आणि रिम जिथे भेटतात ती रेषा स्पष्ट दिसेल असा.